बिल्ल्याची तीन वर्तुळं : पिन बॅज आणि फ्रिज मॅग्नेटचं चित्र आखताना



आमच्या गावाचं नाव एकदा कागदावर लिहून बघा. निमोणे. अक्षरं तीनच, पण तिन्ही अक्षरांच्या डोक्यावर काहीतरी आहे. पहिल्यावर वेलांटीचा वळसा, दुसऱ्यावर काना-मात्रा, तिसऱ्यावर नुसती मात्रा. आता शिरोरेषेच्या वरचा भाग पट्टीने झाका आणि पुन्हा वाचा. एक सुटा काना, आणि त्यापुढे 'नमाण' असं काहीतरी उरतं. गोल बिल्ल्याच्या वरच्या काठाला चिकटून हे नाव छापलं, की मशीन नेमकं हेच करतं. मुलांच्या नावांचंही तसंच. वेलांटीचा वळसा काठाआड गेला की 'मीरा'चं 'मारा' होतं, आणि ते वर्गात दिवसभर छातीवर लावून फिरायचं असतं.

कागद फुकट गेला तर दुसरा छापता येतो. पण एकदा दाबलेला बिल्ला उघडत नाही. पत्र्याची टोपी, वरची पारदर्शक फिल्म, मागची पिन, सगळंच वाया जातं. म्हणून बिल्ला बनवण्याचं खरं काम मशीनचा दांडा ओढण्याच्या आधी, कागदावर कंपास आणि पट्टी घेऊन करायचं असतं. या लेखात तेवढंच आहे. कागद केवढा कापायचा, चित्र केवढं काढायचं, आणि मराठी अक्षरं गोलात कुठे बसवायची.

कागद बिल्ल्यापेक्षा मोठा का?

आधी बिल्ला आतून कसा असतो ते पाहू. पुढे पत्र्याची किंचित फुगीर टोपी असते. तिच्यावर चित्राचा गोल कागद, कागदावर तेवढ्याच आकाराची पारदर्शक फिल्म (दुकानात तिला मायलार म्हणतात), आणि मागे पिन असलेली चकती. मशीनच्या पहिल्या दाबात कागद आणि फिल्म टोपीच्या काठावरून खाली वळतात. दुसऱ्या दाबात त्यांची कड आत मुडपली जाते आणि मागच्या चकतीत घट्ट अडकते. पुरणपोळीची कडा आपण आत दुमडतो तसंच. डिंक नाही, खिळा नाही. सगळी पकड त्या मुडपलेल्या कडेची.

म्हणजे कड मुडपायला कागद जास्तीचा लागणारच. आपल्याकडे शाळांना आणि दुकानांना मिळणारं सर्वांत चालणारं मशीन ५८ मिमीचं. तयार बिल्ल्याचा व्यास ५८ मिमी, आणि कागद कापायचा ७० मिमी व्यासाचा. फरक १२ मिमीचा. मात्र हा फरक व्यासातला आहे. वर्तुळाच्या प्रत्येक बाजूला तो निम्माच येतो, म्हणजे ६ मिमी. पाचवी-सहावीच्या मुलांना त्रिज्या आणि व्यास यांतला फरक फळ्यावर दहा वेळा सांगून जेवढा कळत नाही, तेवढा इथे एका कागदात कळतो. कारण ज्याने कंपासात ३५ च्या जागी ७० मिमी घेतले, त्याचं वर्तुळ हाताच्या पंजाएवढं होऊन बसतं.

तर पहिलं वर्तुळ कापण्याचं : व्यास ७०, त्रिज्या ३५. दुसरं दिसण्याचं : व्यास ५८, त्रिज्या २९. चित्राची पार्श्वभूमी, म्हणजे रंग, आभाळ, गवत, नक्षी, पहिल्या वर्तुळापर्यंत पूर्ण भरलेली हवी. बरेचजण रंग ५८ वरच थांबवतात, कारण 'बिल्ला तेवढाच तर आहे'. मग कागद टोपीवर अर्धा मिमी जरी सरकला, तरी एका बाजूला पांढरी चंद्रकोर दिसते. शिवाय बिल्ल्याला जाडी असते आणि ती बाजूने दिसते. ५८ च्या बाहेरचा काही कागद त्या जाडीवर येतो. तिथे पांढरं दिसलं की बिल्ला अर्धवट रंगवल्यासारखा वाटतो.

तिसरं वर्तुळ कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं, आणि सगळा घोळ त्याच्या अभावी होतो. मी त्याला 'भरवशाचं वर्तुळ' म्हणतो : व्यास ५०, त्रिज्या २५. नाव, चेहरा, बोधचिन्ह, तारीख, जे गेलं तर चालणार नाही ते सगळं याच्या आत. ५८ च्या काठापासून ते चारी बाजूंनी ४ मिमी आत आहे. हे ४ मिमी कशासाठी? टोपी फुगीर असल्याने काठाजवळचा भाग समोरून तिरका दिसतो, त्यात अक्षरं दबल्यासारखी वाटतात. आणि हाताने कागद ठेवताना तो मिमीभर इकडेतिकडे होणारच. पन्नास मुलांनी पन्नास बिल्ले केले तर पन्नासही कागद मधोमध बसतील ही अपेक्षा करूच नये.

आठवीच्या वर्गात याचा हिशेब करून घेण्यासारखा आहे. π साठी २२/७ धरला की ३५ त्रिज्या सोयीची पडते. कापलेल्या कागदाचं क्षेत्रफळ २२/७ × ३५ × ३५ = ३८५० चौरस मिमी. भरवशाच्या वर्तुळाचं २२/७ × २५ × २५ = साधारण १९६४ चौरस मिमी. म्हणजे जवळजवळ निम्मं. पडद्यावर किंवा वहीत जे वर्तुळ आपण रंगवतो, त्याची निम्मीच जागा महत्त्वाच्या गोष्टींसाठी आहे, हे आकडा हातात आल्याशिवाय पटत नाही.

आपलं मशीन काय म्हणतं ते आधी बघा

५८ ला ७० हे माप मी दिलं, पण ते डोळे झाकून घेऊ नका. ४४ मिमीच्या मशीनला कागद साधारण ५४ मिमीचा लागतो, म्हणजे बाजूला ५ मिमी. अमेरिकेत चालणारी सव्वादोन इंची मशीनं आहेत. त्यांचा बिल्ला ५७ मिमीचा, आपल्या ५८ च्या शेजारी ठेवला तर ओळखूही येणार नाही. पण त्यातल्या पुष्कळ मशीनांना कागद लागतो दोन पूर्णांक पाच-अष्टमांश इंच, म्हणजे ६७ मिमीच्या आत. इंटरनेटवरून उतरवलेला तयार नमुना त्या मशीनचा असेल, तर आपल्या मशीनवर तो कागद ३ मिमी तोकडा पडतो.

कागद तोकडा आहे हे ओळखायचं कसं? बिल्ला वरून ठीक दिसतो, पण टोपीवर कागद बोटाने हलतो, किंवा मागची चकती अंगठ्याने दाबली की निघते. मुडपायला कड पुरलीच नाही. कागद मोठा झाला तर उलटं होतं. दुसऱ्या दाबाला दांडा जड जातो, कडेला चुण्या पडतात, चकती नीट आत बसत नाही. कात्रीने कापणाऱ्या वर्गात दोन्ही प्रकार एकाच तासात पाहायला मिळतात. म्हणून मशीनबरोबर गोल कटर घेता आला तर जरूर घ्यावा. तो नसेल तर पुठ्ठ्याचा ७० मिमीचा एक साचा करून मुलांना त्याभोवती पेन्सिल फिरवायला द्यावी.

आणि चित्रं करायला घेण्याआधी एक चाचणी बिल्ला करा. एकाच केंद्राभोवती ५० मिमी व्यासापासून ७० मिमीपर्यंत, दर २ मिमीला एक वर्तुळ काढायचं. कंपासाने काढलं तरी चालतं, त्रिज्या फक्त एकेक मिमीने वाढवत जायची. प्रत्येक कड्यावर बारीक आकडा लिहायचा, आणि एक कड सोडून एक कड हलका रंगवायचा. मग हा कागद मशीनमध्ये दाबायचा. तयार बिल्ला समोर धरला की कुठलं कडं शेवटचं दिसतं, कुठलं काठावर वळलं, कुठलं बाजूवर गेलं आणि कुठलं मागे मुडपलं गेलं, सगळं वाचता येतं. आमच्या मशीनवर ५४ पर्यंतचं समोरून स्वच्छ दिसतं, ५८ काठावर वळतं, ६० च्या पुढचं बाजूने दिसतं आणि शेवटची दोन कडी पार मागे जातात. तुमच्याकडे एखाद्या कड्याचा फरक पडेल. हा एक बिल्ला मशीनच्या खोक्यात कायमचा ठेवून द्या. पुढच्या वर्षी वर्ग बदलला, शिक्षक बदलले, तरी माप विचारायला कुठे जावं लागत नाही.

एक बिल्ला पहिल्यापासून : इनामगावचं तोटीचं भांडं

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आमच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ अशी कितीतरी वर्षं उत्खनन केलं, आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती, घरं, धान्याच्या कणग्या, मुलांची दफनं, चुली असं सारं उजेडात आलं. तिथल्या मडक्यांमध्ये जोर्वे पद्धतीची भांडी खूप आहेत. लाल भाजणीवर काळ्या रंगाची नक्षी, पोटाशी कड, आणि बाजूला नळीसारखी तोटी. सातवीच्या मुलांनी परिसर अभ्यासासाठी बिल्ला करायचा ठरवला तेव्हा चित्र म्हणून हे तोटीचं भांडं निवडलं. वर 'इनामगाव', खाली 'निमोणे', मध्ये भांडं.

मुलांनी चित्र दुप्पट आकारात काढायचं, असा माझा आग्रह असतो. ७० मिमीच्या वर्तुळात बारा वर्षांच्या मुलाच्या हातून बारीक नक्षी येत नाही. म्हणून कागदावर १४० मिमी, ११६ मिमी आणि १०० मिमी व्यासाची तीन वर्तुळं पेन्सिलने काढली. एफोर कागद २१० मिमी रुंद असल्याने १४० आरामात बसतं. नंतर स्कॅन करून ५० टक्क्यांवर छापलं की माप ७०, ५८, ५० वर येतं. मात्र रेघही निम्मी होते हे लक्षात ठेवा. १ मिमी जाडीची रेघ बिल्ल्यावर अर्ध्या मिमीची होईल, म्हणून बॉलपेनऐवजी स्केचपेन. स्कॅनर नसेल आणि मोबाइलने फोटो काढणार असाल तर मोबाइल कागदाच्या अगदी वर, समांतर धरा. तिरका धरला तर वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. डोळ्याला ते कळत नाही, कटरला कळतं. फोटोतल्या बाहेरच्या वर्तुळाची आडवी आणि उभी रुंदी मोजून दोन्ही सारख्या आहेत का बघायचं.

आता अक्षरं. मराठी मजकूर गोलात लिहिताना एक गोष्ट इंग्रजीपेक्षा अगदी वेगळी आहे, आणि बिल्ल्यांचे तयार नमुने ती विचारात घेत नाहीत. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात. वरच्या कमानीवर लिहिलं की शिरोरेषा बाहेरच्या बाजूला येते. बाहेरची बाजू म्हणजे मोठा घेर, त्यामुळे अक्षरं पंख्यासारखी उघडतात, शिरोरेषा अक्षराअक्षरांत तुटते आणि मात्रा-वेलांट्या थेट काठाकडे सरकतात. खालच्या कमानीवर, अक्षरांची डोकी केंद्राकडे ठेवून लिहिलं, की सगळं उलट होतं. शिरोरेषा आतल्या लहान घेरावर येते, अक्षरं डोक्याशी एकमेकांना भिडतात, रेषा अखंड राहते, आणि वेलांट्या सुरक्षित आत जातात. काठाकडे तोंड करून राहतात ते फक्त उकार आणि ऋकार.

आता आपली दोन नावं बघा. 'इनामगाव' या शब्दात शिरोरेषेच्या वर काहीच नाही. ना मात्रा, ना वेलांटी, ना अनुस्वार. म्हणून ते वरच्या कमानीवर. 'निमोणे' या शब्दात सगळं वर आहे आणि खाली काहीच नाही. म्हणून ते खालच्या कमानीवर. आधी मुलांनी उलट ठरवलं होतं, कारण 'आपल्या गावाचं नाव वर पाहिजे'. वाद बराच रंगला. शेवटी एकीने दोन्ही नावं पातळ कागदावर लिहून १०० मिमीच्या वर्तुळावर दोन्ही पद्धतींनी ठेवून दाखवली, तेव्हा निकाल लागला.

मापं अशी. हे सगळे आकडे तयार बिल्ल्याचे, कागदावर त्यांची दुप्पट. भरवशाच्या वर्तुळाची त्रिज्या २५. अक्षराची शिरोरेषेपासून खालपर्यंतची उंची निदान ४ मिमी हवी, त्याहून बारीक अक्षर हातभर अंतरावरून वाचवत नाही. वर 'इनामगाव'ची शिरोरेषा २४ मिमी त्रिज्येवर, अक्षरं खाली २० पर्यंत. खाली 'निमोणे'च्या अक्षरांचे पाय २४ वर, शिरोरेषा २० वर, आणि तिच्या आत मात्रांसाठी आणखी २ मिमी, म्हणजे १८ पर्यंत. मग भांड्यासाठी उरली १७ मिमी त्रिज्या, म्हणजे ३४ मिमी व्यासाचं वर्तुळ.

इथे तोटी आडवी आली. तोटीसकट भांडं मोजून मधोमध ठेवलं, तर भांड्याचं पोट एका बाजूला सरकतं आणि बिल्ला कललेला वाटतो. पोट मधोमध ठेवलं, तर तोटी अक्षरांच्या पट्ट्यात घुसते. मग तोटी कुठल्या दिशेला आहे ते पाहिलं. ती बाजूला, म्हणजे घड्याळात तीन वाजतात त्या दिशेला होती, आणि त्या दिशेला अक्षरं नाहीतच, कारण दोन्ही नावं छोटी आहेत. त्यामुळे पोट केंद्रावर ठेवलं आणि तोटीला १७ च्या बाहेर जाऊ दिलं, फक्त टोक २५ च्या आत राहील एवढं बघितलं. डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेत नक्षीतल्या तीन काळ्या रेघा भरल्या. पार्श्वभूमीचा भगवट लाल रंग थेट ७० पर्यंत.

लहान वर्गांना कमानीवर लिहिणं जमत नाही, त्यांनी नाव आडव्या ओळीत लिहावं. पण गोलात आडवी ओळ जितकी वर चढेल तितकी आखूड होते. भरवशाच्या वर्तुळात केंद्रापासून १५ मिमी वर ओळीचा माथा ठेवला, तर तिथे ४० मिमी रुंदी मिळते. २० मिमी वर नेला, तर फक्त ३० मिमी. हे १५, २०, २५ चे पायथागोरसचेच आकडे आहेत, आठवी-नववीची मुलं स्वतः काढू शकतात. आणि 'ओळीचा माथा' म्हणजे शिरोरेषा नव्हे, सर्वांत उंच वेलांटीचं टोक. सगळ्या मुलांची नावं एकाच नमुन्यात टाकायची असतील तर यादीतलं सर्वांत लांब नाव आणि सर्वांत उंच मात्रांचं नाव, असे दोनच बिल्ले आधी करून पाहावेत. ती दोन बसली की बाकीची बसतात.

कडेभोवती बारीक गोल चौकट काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. मी वर्गात ती बंद केली आहे. समजा चौकट काठापासून २ मिमी आत आहे आणि कागद १ मिमी सरकला. मग एका बाजूला १ मिमी उरेल आणि समोरच्या बाजूला ३ मिमी. म्हणजे तिप्पट फरक, कुणालाही दिसेल असा. तीच चौकट ६ मिमी आत असती तर ५ आणि ७ झाले असते, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. चौकट हवीच असेल तर खूप आत घ्या, नाहीतर इतकी रुंद करा की ती काठावरून वळून मागे जाईल.

छपाईत माप हरवतं

आखणी बरोबर, तरी छापून आलेलं वर्तुळ ६८ मिमीचं, असं हमखास घडतं. कारण छपाईच्या खिडकीत `Fit` निवडलेलं असतं. तेव्हा संगणक कागदाच्या कडेची न छापता येणारी जागा सोडून सगळं पान थोडं आक्रसून बसवतो. ९७ टक्के झालं तरी ७० चे ६८ होतात, आणि तोकडा कागद म्हणजे सैल बिल्ला. तिथे `Actual size` किंवा `100%` निवडायचं. दुकानात फाइल देणार असाल तर पानाच्या कोपऱ्यात १०० मिमी लांबीची एक सरळ रेघ काढून ठेवा. छापलेलं पहिलं पान हातात आलं की पट्टी लावा. रेघ ९७ भरली तर तिथेच सांगता येतं, पन्नास पानं निघाल्यावर नाही.

फोटो वापरणार असाल तर ७० मिमीसाठी ३०० डीपीआयने साधारण ८३० पिक्सेल रुंदी लागते. व्हॉट्सॲपवर पाच हातांतून फिरून आलेल्या फोटोतून एकट्या मुलाचा चेहरा कापला, की तेवढं बहुधा उरलेलं नसतं.

एफोर पानावर ७० ची किती वर्तुळं बसतात? मुलं लगेच म्हणतात, २१० भागिले ७०, आडवी तीन. पण मग दोन्ही कडांना तसूभरही जागा उरत नाही, आणि साधे प्रिंटर कडेचे चार-पाच मिमी छापतच नाहीत. बाजूच्या वर्तुळांची कड पांढरी राहते. म्हणून आडवी दोन आणि उभी चार, पानाला आठ. उभ्या चार वर्तुळांमध्ये दोन-दोन मिमी सोडले तरी २८६ मिमी होतात, पान २९७ चं आहे. रंग कापण्याच्या रेषेच्या किंचित बाहेर गेला तर चांगलंच. कापण्याची रेघ मात्र फिकट करडी आणि केसासारखी बारीक ठेवा.

कागद साधा ८० ते १०० जीएसएमचा. जाड, गुळगुळीत फोटो पेपर दिसायला छान, पण फिल्मबरोबर त्याची कड नीट मुडपत नाही आणि मशीन अडकतं. इंकजेटची छपाई असेल तर रात्रभर वाळू द्या, ओली शाई फिल्मखाली पसरते. आणि फिल्म टोपीवर ठेवण्याआधी बोटांत चोळून बघा. दोन फिल्म एकमेकींना चिकटून येतात, आणि दोन गेल्या की जाडी वाढून तीच अडचण.

पिन की मॅग्नेट?

पुढची बाजू दोन्हींची एकच. तीच टोपी, तोच ७० चा कागद, तीच तीन वर्तुळं. फरक मागच्या चकतीत. तिथे पिनऐवजी लोहचुंबकाची चकती येते. पण आखणीच्या दृष्टीने एक फरक आहे. मॅग्नेट फ्रिजवर लावल्यावर हाताने फिरवून सरळ करता येतं. पिनचा बिल्ला तसा फिरवता येत नाही. पिन ज्या दिशेने बसली त्या दिशेनेच तो लटकणार. म्हणून कागद ठेवताना चित्राची वरची बाजू नेहमी एकाच दिशेला, समजा आपल्यापासून लांबच्या बाजूला, आणि पिन आडवी. पहिला बिल्ला करून पिन कुठे येते ते बघायचं, आणि मशीनच्या साच्यावर मार्करने एक खूण करून ठेवायची. चित्राच्या वरच्या टोकाला कापण्याच्या रेषेबाहेर एक छोटी रेघ असली तर कापताना 'वर कुठे' हे हरवत नाही. कापण्याआधी त्या जागी कागदाच्या मागे पेन्सिलने टिंब द्या. वर्तुळ कापून झालं की भांडं उभं आहे की आडवं हे दिसतं, पण नुसती नक्षी असेल तर तेही कळत नाही.

पिन मध्यावर न ठेवता थोडी वर आली तर बिल्ला कपड्यावर सपाट राहतो. मध्याच्या खाली आली तर पुढे कलतो आणि चित्र जमिनीकडे बघतं. अर्थात बहुतेक चकत्यांत पिनची जागा ठरलेली असते, तिथे फक्त उलटं-सुलटं तपासायचं.

घरी पाठवायचं असेल तर एक पाहून घ्या. काचेचं दार असलेल्या काही नव्या फ्रिजवर मॅग्नेट चिकटत नाही, तेव्हा पालकांना आधी विचारलेलं बरं. आमच्याकडे कित्येक घरांत मुलं ते गोदरेजच्या कपाटावर लावतात, आणि तिथे ते उत्तम टिकतं. मात्र अंगणवाडीतल्या आणि पहिलीच्या मुलांना यातलं काहीच हातात देऊ नये. पिन टोचते हे सगळ्यांना माहीत असतं, पण सुटलेलं छोटं चुंबक जास्त धोक्याचं. एकापेक्षा जास्त चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या दोन पदरांना मध्ये धरून एकमेकांना चिकटू शकतात, आणि मग पुष्कळदा ऑपरेशन करावं लागतं. गिळलं असा नुसता संशय आला तरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना. त्या वयाच्या मुलांसाठी तोच ७० चा गोल कागद पुठ्ठ्यावर चिकटवून वरून दोरा ओवला की गळ्यात घालायचं पदक होतं. त्यात काहीच मुडपलं जात नसल्याने चित्र थेट काठापर्यंत काढता येतं, फक्त दोऱ्याच्या भोकासाठी वर ८ मिमी जागा रिकामी सोडा.